अकरा एक्कावन्न

स्वयंपाकघरातले लोक तिला पाठीमागे 'पारा' म्हणत. एक तर गळ्यात कायम थर्मामीटर लटकलेला, आणि दुसरं म्हणजे चढायला वेळ लागत नसे. तिला हे नाव ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. तीन रुग्णालयांना रोजचं जेवण पुरवणाऱ्या त्या मोठ्या स्वयंपाकघरात गुणवत्ता तपासायचं काम तिचं. अशा कामात माणूस फार लाडका असला, की समजावं तो काम करत नाही.

पण त्या दिवशी पारा चढायला कारण मोठं होतं. आदल्या आठवड्यात एका रुग्णालयात भाज्यांचं सूप प्यायलेल्या नऊ रुग्णांची पोटं बिघडली. नऊही जण सावरले, हे नशीब. प्रयोगशाळेचा अहवाल आला: सूप शिजवण्यात खोट नाही, थंड करण्यात आहे. गरम सूप फार वेळ कोमट राहिलं, की त्यात नको ते जंतू वाढतात आणि मग पुन्हा गरम करूनही सगळंच निस्तरत नाही. ते सूप केलं त्या दिवशी दोन घाणे झाले होते. एक जुने आचारी अण्णांचा, दुसरा तिच्या धाकट्या दिराचा. दोन्ही घाणे एकत्र करून डब्यांत भरले गेले, त्यामुळे बाधलं कोणाचं ते सूप चाखून कळणार नव्हतं. साहेबांनी सांगून टाकलं होतं, "पाच वाजेपर्यंत मला एक नाव हवंय. ज्याचं नाव, त्याची सुट्टी. कायमची."

अण्णांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. कामावरून काढलं तर निवृत्तीचे पैसे बुडणार, हे सगळ्यांना माहीत होतं. आणि दिराला तर तिनेच शब्द टाकून इथे लावलं होतं.

तिने दोघांचे तक्ते टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. नियम सोपा: चौसष्ट अंशांचं सूप कोल्डरूममध्ये ठेवायचं, दर अर्ध्या तासाने तापमान लिहायचं, आणि दोन तासांत ते विसाच्या खाली यायलाच हवं. कोल्डरूम चार अंशांवर. दोघांनी दहाच्या ठोक्याला सुरुवात केली होती.

दिराचा तक्ता बघून तिला बरं वाटलं. चौसष्ट, शेहेचाळीस, तेहतीस पूर्णांक चार, चोवीस पूर्णांक सहा, अठरा पूर्णांक चार. खाली शेऱ्यात नीटस अक्षरात, 'वीस अंश: ११.५१.'

पदवीला असताना गणितात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि निवण्याचं समीकरण तर तिच्या विशेष प्रेमातलं. गरम वस्तू किती वेगाने निवेल, हे ती भोवतालापेक्षा किती गरम आहे त्यावर ठरतं. फरक मोठा, तर उतार झपाट्याचा. फरक आटत गेला, की वेगही आटतो. सूप चौसष्ट, खोली चार, म्हणजे फरक साठ. अर्ध्या तासाने शेहेचाळीस, म्हणजे फरक बेचाळीस. साठाचे सात दशांश. पुढच्या अर्ध्या तासाने बेचाळिसाचे सात दशांश, मग त्याचे सात दशांश, असा तो फरक दर वेळी तेवढ्याच पटीने घटत जातो. वीस अंश म्हणजे फरक सोळा. साठाचा सोळा व्हायला किती वेळ? तिने कॅल्क्युलेटरवर लॉगॅरिदम घेतले, भागाकार केला. एकशे अकरा मिनिटं. दहा वाजता सुरुवात, म्हणजे अकरा एक्कावन्न.

"वा!" ती स्वतःशीच म्हणाली. मिनिटाचाही फरक नाही.

मग अण्णांचा तक्ता. चौसष्ट, बेचाळीस, अठ्ठावीस, तेवीस, सोळा. पेनने गिरवलेले, तिरपे आकडे. पॉइंटबिइंट काही नाही. पहिल्या अर्ध्या तासात बावीस अंश उतरले, दुसऱ्यात चौदा, तिसऱ्यात पाच, आणि चौथ्यात एकदम सात! उतार मंदावला की मंदावतच जायला हवा. मंदावून पुन्हा वेग घेणारं सूप तिने आजवर पाहिलं नव्हतं.

तिने अण्णांना बोलावलं. ते हात पुसत आले आणि दारातच उभे राहिले.

"अण्णा, साडेअकराला तेवीस आणि बाराला सोळा. हे कसं?"

"जे दिसलं ते लिहिलं, मॅडम."

"सूप असं निवत नाही."

"माझं निवलं." अण्णा जरा घुटमळले. "अकराला भाजीचा माल आला होता. गाडीचं चाक उंबऱ्यात अडकलं. कोल्डरूमचं दार अर्धा तास सताड उघडं होतं."

"हे शेऱ्यात का नाही लिहिलंत?"

"तेवढी जागा कुठे असते त्यात?"

तिला ते काही पटलं नाही. पकडल्यावर दार, चाक, उंबरा सगळेच साक्षीला येतात. चाळीस वर्षांत या माणसाने आकडे मनाचेच लिहिले असतील, आणि आता डोळे गेल्यावर मनाचे आकडेही नीट जुळेनात. "बाहेर बसा," ती म्हणाली. त्यांनी मान हलवली आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. मांडीवर हात ठेवून, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघावी तसे.

बाहेरून दीर डोकावला. कामावर तो तिला मॅडमच म्हणायचा, आणि तेवढ्या बाबतीत पठ्ठ्या काटेकोर होता. "मॅडम, काही मदत हवी का? अण्णांचं वय झालंय हो, त्यांनाही बोल लावता येत नाही." त्याच्या आवाजात मोठी कणव होती. तिला क्षणभर तो शहाणा वाटला, आणि पुढच्याच क्षणी कुठेतरी खुपलं. ज्याला कोणी विचारलंच नाही, तो दुसऱ्याला माफ करायची घाई का करतोय?

"तुम्ही तुमच्या कामाला लागा, भाऊजी," ती म्हणाली.

अण्णांना खोटं पाडायचं तर पुरावा हवा. कोल्डरूमच्या भिंतीवर एक नोंदयंत्र होतं, खोलीचं तापमान दर पाच मिनिटांनी साठवणारं. त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नसे, कारण त्याची शिट्टी वाजायला खोली तासभर गरम राहावी लागे. तिने यंत्राच्या मिस्त्रीकडून त्या दिवसाची पट्टी छापून घेतली आणि दाराचा बहाणा एकदाचा मोडून काढावा, म्हणून बोट ठेवून वाचू लागली.

दहा ते अकरा, चार अंश. अकरा पाच, नऊ. अकरा पंधरा, सोळा. अकरा वीस, अठरा. पावणेबारापर्यंत पुन्हा चारावर.

ती तिथेच, कांद्याच्या पोत्यावर टेकली.

खोलीच चार अंश राहिली नसेल, तर समीकरणातला तो चारही राहत नाही. सूप चाराकडे नव्हे, चौदा-पंधराकडे निवत होतं, म्हणून मंदावलं. दार लागल्यावर खोली पुन्हा थंड झाली, फरक वाढला, वेगही वाढला. तिने पट्टीच्या पाठीवरच हिशेब मांडला. अण्णांच्या सुरुवातीच्या उतारावरून त्यांची पटी काढली, मधल्या अर्ध्या तासाला खोली सरासरी चौदा धरली, शेवटच्याला पाच. उत्तर आलं: तेवीस, आणि मग सोळा. अण्णांनी ट्रे उथळ भरले होते, म्हणून दार उघडं राहूनही ते नियमात बसले.

आता दुसरा तक्ता. त्याच खोलीत, त्याच वेळी. त्याची पटी घेऊन तिने तेच गणित केलं. साडेअकराला साडेसत्तावीसच्या पुढे, बाराला जवळजवळ एकवीस. म्हणजे खरंच मोजलं असतं, तर दिराचं सूप नियमात बसलंच नसतं. पण त्याच्या तक्त्यात दार उघडलंच नव्हतं. आणि आता तिच्या ध्यानात आलं, की अकरा एक्कावन्नला थर्मामीटर धरून उभं कोण राहतं? नोंद तर अर्ध्या तासाची. ते मिनिट कोणी पाहिलेलं नव्हतं. ते काढलेलं होतं.

कसं काढायचं, हे त्याला तिनेच शिकवलं होतं. घरी, जेवणाच्या टेबलावर, मोठ्या कौतुकाने.

तिने जुनी फाइल काढली. तिला स्वतःचाच राग येत होता. चाळीस दिवस मागे गेली. त्याचं प्रत्येक सूप सात दशांशाच्याच पटीने निवलं होतं. पाऊस असो, ऊन असो, ट्रे चार असोत की दहा. आणि प्रत्येक पानाखाली तिची सही, दोन ठिकाणी तर 'उत्तम' असा शेरा. अण्णांच्या पानांवर मात्र तिच्याच लाल पेनाची प्रश्नचिन्हं.

तिने त्याला आत बोलावलं आणि दार लावलं. पट्टी पुढे सरकवली.

त्याने ती वाचली. "वहिनी," तो म्हणाला.

"इथे मॅडम."

"दहाला सगळं लिहून ठेवलं आणि मी निघालो. दुसरीकडे मुलाखत होती. सूप ट्रेमध्ये ओतायला वेळ नव्हता, पातेल्यातच राहिलं."

"चाळीस लिटर? खोल पातेल्यात? भाऊजी, ते बारा वाजता पन्नासच्या आसपास असणार!"

"रोज नव्हतो जात. रोज ट्रेमध्ये ओततो, देवाशपथ. फक्त मोजायचा कंटाळा." त्याने आवाज खाली आणला. "वहिनी, ही पट्टी कोणी मागितलेली नाही. अण्णांचा तक्ता वेडावाकडा आहे, साहेबांनाही तसंच वाटतंय. चार महिन्यांनी ते जाणारच आहेत. आईला काय सांगशील तू? दादाला?"

तिला त्याचा संताप आला, आणि त्याहून भयंकर म्हणजे त्याचं म्हणणं क्षणभर सोपं वाटलं. घरातलं जेवणाचं टेबल डोळ्यांपुढे आलं, सासूबाईंचा चेहरा आला. मग नऊ खाटा आल्या.

"नऊ माणसं होती," ती म्हणाली. "आजारी. आपल्या भरवशावर जेवणारी." तिने कागद ओढला आणि त्याच्यासमोरच त्याचं नाव लिहिलं. त्याखाली लिहिलं, की चाळीस दिवसांचे तक्ते तपासणाऱ्या अधिकाऱ्यानेही डोळे झाकून सह्या केल्या, आणि तिथे स्वतःचं नाव घातलं. तो निघून गेला.

पाचाला दहा मिनिटं कमी असताना ती बाहेर आली. अण्णा बाकावर तसेच बसले होते.

"अण्णा, तुमचे आकडे बरोबर होते. मी चुकले."

"बरं झालं," ते म्हणाले. उठायला त्यांना दोन प्रयत्न लागले. "तुमच्या दिराने मागेच सांगितलं होतं मला. म्हणे, अण्णा, आकडे जरा सरळ करत जा, मॅडमना वाकडे आकडे आवडत नाहीत. मोजत बसू नका, मी काढून देतो."

"मग हे तुम्ही मला का नाही सांगितलंत? दुपारीच?"

अण्णांनी खांद्यावरचं फडकं झटकलं. "तुमच्या घरचं माणूस. मी सांगितलं असतं, तर तुम्ही ऐकलं असतं?"

तिने हातातल्या अहवालाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"नसतं ऐकलं, अण्णा," ती म्हणाली. "तुमच्यावरच आणखी संशय घेतला असता."

त्यांनी मान हलवली, जणू हेही त्यांनी कधीच लिहून ठेवलं होतं, आणि रात्रीच्या सूपसाठी ट्रे काढायला आत गेले.