डाव्या दाराचा खळगा

रंग खाली काय आहे ते झाकतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा मोटारींच्या कारखान्यात, पेंट शॉपमधल्या ट्यूबलाइटांच्या बोगद्यातून गाडी जाताना पाहावी. रंग झाकत नाही, चहाडी करतो. पत्र्यावर जे कुणाला दिसत नाही ते चकचकीत दारावर लख्ख उमटतं. त्या दिवशी डाव्या मागच्या दारात ट्यूबचं प्रतिबिंब एका जागी किंचित वाकलं आणि घारीने सातवी गाडी बाजूला काढली.

घार हे तिचं शॉपमधलं टोपणनाव. तपासणीवर येऊन तिला महिनाच झाला होता, तोही चाचणीवर.

"सात गाड्या काढल्यास तू," साहेब म्हणाले. "कारण सापडलं तर तू इथे कायम. नाहीतर उद्यापासून परत सीलर भरायला."

सीलर भरण्यात वाईट काही नाही, पण दिवसभर सांधे बुजवून तिचा जीव विटला होता. तिला बघायला आवडायचं.

तिने हातमोजा घालून दारावर हात फिरवला. उंचवटा नव्हता, खळगा होता, मुगाच्या दाण्याएवढा. उंचवटा असता तर आतून काहीतरी टोचलं असतं. खळगा म्हणजे बाहेरून दाब. आणि सातही दारांवर तो एकाच जागी होता, म्हणजे कुणाचा धक्का नव्हे.

"प्रेसवाल्यांचं पाप," ती पुटपुटली आणि तरातरा प्रेस शॉपला गेली. तिथे साच्यातून नुकत्याच निघालेल्या बाहेरच्या पत्र्यांवर तिने तेलाचा बोळा फिरवला. तेलाने पत्रा रंगासारखा चमकतो, मग सगळं दिसतं. दहा पत्रे तपासले. एकातही खळगा नव्हता!

"झालं समाधान?" प्रेसवाला म्हणाला. "आता आमची माफी माग."

"मागेन. आधी गुन्हेगार सापडू दे."

पत्रा इथून बॉडी शॉपमध्ये जातो. तिथे बाहेरचा पत्रा एका लोखंडी पाटावर पालथा ठेवतात, वर आतलं दार बसवतात आणि कडा दुमडतात, पोळीत सारण भरून काठ मुडपावे तशा. म्हणजे दाराचा दर्शनी चेहरा पाटाला टेकलेला! घारीचे डोळे चमकले. तिने पाटावर हात फिरवला. काहीतरी टोचलं. एक इवलासा लोखंडी गोळा, थिजलेला. जेवणाच्या सुट्टीत पाट पुसला की तो जायचा, पुन्हा नवा यायचा. म्हणून काही दारं वाचायची.

पण गोळा येत कुठून होता?

शेजारीच आतल्या दाराला बिजागरीची पट्टी जोडत होते. लोंबकळणारी वेल्डिंग गन पत्रे चिमट्यात धरत होती आणि वेल्डिंगच्या दर टाक्याला ठिणग्यांचा फवारा पाटापर्यंत उडत होता. गन धरणारा माणूस तिला बघून हसला. तो तिचा नवरा होता.

आता आली का पंचाईत! सांगावं तर घरात कुरुक्षेत्र, न सांगावं तर सीलर. तेवढ्यात साहेब आलेच.

"सापडलं?"

घार म्हणाली, "हो. ठिणग्या पाटावर पडतात. ह्यांच्या."

नवऱ्याचा चेहरा पडला. "ठिणग्या उडणारच की! करंट मीच वाढवून घेतलाय, गनची टोकं झिजली म्हणून. जेवढ्या ठिणग्या, तेवढा जोड पक्का."

"कुणी सांगितलं?" साहेबांनी विचारलं.

"सगळेच म्हणतात."

"ठिणगी म्हणजे जोडातलं लोखंड उडून चाललं," साहेब म्हणाले. "मध्ये उरतं काय?"

"बघूया ना," घार म्हणाली. तिला खरंच बघायचं होतं. भीती होती तशीच उत्सुकताही होती, आणि त्याची तिला लाजही वाटली.

छिन्नी नवऱ्यानेच घेतली. बिजागरीची पट्टी आणि दाराचा पत्रा यांच्यामध्ये घालून हातोडा मारला. चांगला टाका सुटत नाही, पत्रा फाडून बटणाएवढा तुकडा उपटून निघतो. हा टाका टक्कन सुटला. आतून पोकळ, जळका. दुसरा, तिसराही तसाच.

घारीला खळगा आठवेना, कायम होणंही आठवेना. ज्या गाड्यांच्या दारांत खळगा नव्हता त्या तिने स्वतः पास केल्या होत्या. त्यांच्या बिजागऱ्यांनाही हेच टाके होते.

"तुझं काम झालं," साहेब तिला म्हणाले. "खळगा पाटावरचा. वेल्डिंगचं मी बघतो, दोघं जा."

नवरा हलला नाही. हातातल्या सुटलेल्या पट्टीकडे बघत म्हणाला, "ही दारं कुणीतरी रोज आपटून लावणार आहे गं."

मग त्याने हात वर करून लाइन थांबवायची दोरी ओढली. सगळं बॉडी शॉप चिडीचूप झालं. पलीकडून कुणीतरी ओरडलं, "कोणी थांबवली रे?"

"मी!" तो ओरडला. "कालच्या गाड्यासुद्धा परत आणा!"

घारीने दुसरी छिन्नी उचलली आणि ती त्याच्या शेजारी उभी राहिली.