सप्पा मिळून

हे लिहूच नये, असं विकासले दोनदा वाटलं. दोनदा टाइप केलं अन् खोडलं. पण मंग त्याले वाटलं, आता सांगून टाकलेलं बरं.

विकास वाशीमकडच्या मालेगावच्या शेतकरी कंपनीत कॉम्प्युटरवर बसतो. एक्सेल कोणी शिकवलं नाही, मोबाइलवर पाहून पाहून शिकला. गोदामात पोती ठेवायले चाळीस लोखंडी स्टँड पाह्यजे होते. तीन कोटेशन आले. अध्यक्ष कस्तुराबाई म्हणाल्या, "बाबू, सप्पे, तिन्हीच्या तिन्ही, एका तक्त्यात आण. दर, टॅक्स, पोच, वॉरंटी. बाहेरच्या नोटीस बोर्डावरही लाव."

अकोल्यावाल्याचा दर दोन हजार, टॅक्स अठरा टक्के वेगळा, भाडं नगामागं शंभर, वॉरंटी एक वर्ष. एकूण दोन हजार चारशे साठ. वाशीमवाल्याचा, टॅक्स अन् पोच धरून, दोन हजार पाचशे सदतीस, वॉरंटी सहा महिने. तिसरं कोटेशन हातानं लिहिलेलं, उदयसिंगचं. त्याचं बसस्टँडमागं वेल्डिंगचं दुकान, अन् विकासचा तो शाळेपासूनचा दोस्त. लिहिलं होतं: "नग दर २४००, सप्पा मिळून. गोदामात पोच बारा दिवसात. वेल्डिंग सुटली तर दोन वर्षं फुकट."

टॅक्स वेगळा लिहिला नव्हता. विकासनं धरलं, तो वरून लागीन. फोन करून इचारावं असं मनात आलं होतं. पण दोस्ताले फोन केला तर लोक म्हणतील, पोरगं सेटिंग करून राह्यलं. म्हणून नाही केला. २४०० करासोडून दराच्या रकान्यात टाकले. तक्त्यानं आपल्या मनानं अठरा टक्के चढवले: २८३२. सगळ्यात महाग. सभेनं अकोल्यावाल्याले मंजुरी देली.

दुसऱ्या दिवशी उदयसिंग बोर्डासमोर उभा होता.

"काय बे, हे अठ्ठावीसशे बत्तीस कोण्या बापानं लिहिले?"

"तुयाच कोटेशनात—"

"सप्पा मिळून म्हंजे काय रे? तुले मराठी येते का नाही? टॅक्स आतच होता!"

विकासनं पुन्हा हिशोब केला. चोवीसशेच. अकोल्यापेक्षा साठ रुपये कमी, वरून दुप्पट वॉरंटी.

उदयसिंग हळूच म्हणाला, "काल काम गेल्याचं कळलं, तवा मले वाटलं, मीच हिशोबात चुकलो. रात्रभर माप काढत बसलो. दोन कारागिरांले नाही म्हणून सांगतलं."

हेच विकासले जास्त टोचलं. अकोल्यावाल्याची खरेदीची ऑर्डर सही होऊन टेबलावर पडली होती, चार वाजता मेल करायची होती. गप बसला असता, तर ती निघून गेली असती.

"फोन काहून नाही केला बे?"

"तू दोस्त हाय म्हणून."

"भारी दोस्ती!" उदयसिंग हसला, पण डोळे हसले नाहीत.

विकासनं आत जाऊन टेबलावरची ऑर्डर खिशात घातली.

"चाल. कस्तुराबाई घरी हाय. चूक माही होती, हे मी तुयासमोर त्यायले सांगतो. तक्ता पुन्हा सभेपुढं नेतो. काम तुले भेटो नाहीतर न भेटो, बोर्डावर तुया खरा भाव आजच लावीन. हे वचन हाय."