तिप्पट

"उत्तर तर आलंच ना, ताई? नुसतं ते तीन राहिलं. एक मार्क कापा फार तर," जया म्हणाली, आणि शुभाच्या डोक्यात तिडीक गेली.

मुलुंडच्या दोन खोल्यांत शुभा बारावीचं गणित शिकवायची. जया नाहूरहून चालत यायची. मार्चमध्ये गणितात आपटली होती, आता ऑक्टोबरला पुन्हा बसायचं होतं. तिचे वडील दत्ताराम पहिल्याच दिवशी दारात उभे राहून सांगून गेले होते, "बाई, ह्या वेळेक गणित सुटला तर बरा. नायतर कालेज बंद. जोगेश्वरीक मावशीकडे शिवणकाम शिकात." माणूस वाईट नव्हता, पण एकदा बोलला की बोलला.

पोरगी ढ म्हणावी तर तसंही नाही. सूत्रं तोंडपाठ. झोपेतून उठवून चेन रूल विचारा, पाढ्यासारखा म्हणून दाखवेल. आणि गणित दिलं की हमखास विसरेल. आजही 3x + 1 च्या वर्गाचं डेरिव्हेटिव्ह विचारलं होतं, तर बाईसाहेबांनी 2(3x + 1) लिहून खाली दोन रेघाही मारल्या होत्या. महिनाभर शुभा त्याच चुकीवर लाल पेन झिजवत होती.

"एक मार्क? अगं, साफ चुकलंय ते!"

"तुम्हीच म्हणता ना, शेवटी कंसातल्याचं डेरिव्हेटिव्ह, इथे तीन, लावायचं. ते शेवटचं राहतं माझं."

शुभा काहीतरी लागट बोलणार होती, पण मध्येच तिच्या ध्यानात आलं. शेवटी लावायचं! म्हणजे ही पोरगी तो तीन आमटीवरच्या कोथिंबिरीसारखा धरून चालली होती. घातली तर छान, राहिली तरी आमटी ती आमटीच. आणि हे खूळ तिच्या डोक्यात आपणच भरवलं. शुभाला जयाचा आला नसेल इतका स्वतःचा राग आला.

"खोड ते. आता सूत्र नाही, नुसता हिशेब. x एक असताना 3x + 1 किती?"

"चार. वर्ग सोळा."

"x जरासा सरकव. एक पूर्णांक शून्य एक कर."

जया पुटपुटत आकडे मांडू लागली. "चार पूर्णांक शून्य तीन... वर्ग सोळा पूर्णांक दोन चार शून्य नऊ."

"x सरकला शून्य पूर्णांक शून्य एक. उत्तर किती वाढलं? भाग दे. डेरिव्हेटिव्ह म्हणजे हीच पट."

जयाने भागाकार केला, खोडला, पुन्हा केला. "चोवीसच्या जरा वर येतंय."

"तुझ्या सूत्राने?"

"दोन गुणिले चार... आठ." ती कागदाकडे बघत राहिली. "मग बाकीचं कुठे गेलं?"

"तूच बघ ना! x इतकुसा हलला, तेव्हा कंसातला आकडा किती हलला?"

"शून्य पूर्णांक शून्य तीन. तिप्पट!" जयाचा आवाज चढला. "म्हणजे वर्ग वाढतो तो कंसाच्या चालीने. आणि कंसच तिप्पट पळतोय. आठ त्रिक चोवीस!"

"कंस सोडवूनही बघ."

"9x² + 6x + 1. त्याचं 18x + 6. एक घातला तर..." तिने मान वर केली. "चोवीसच."

त्या दिवशी शुभाला वाटलं, गड जिंकला. कसलं काय! दुसऱ्याच दिवशी जया पुन्हा विसरली, त्यानंतरही विसरली. शुभा वैतागून म्हणायची, "आकडा घाल!" मग जया आकडा घालायची, जीभ चावायची आणि खोडायची. परीक्षा तोंडावर आली तरी हेच चाललेलं. शुभाने मनातल्या मनात तिला जोगेश्वरीला पाठवूनही दिलं होतं.

पेपर सुटल्यावर जया थेट शुभाकडेच आली. चेहरा पडलेला.

"स्पर्शिकेच्या गणिताचं काय केलंस?" शुभाने प्रश्नपत्रिका ओढून घेतली. 2x + 1 चा घन, x एक असताना स्पर्शिकेचा चढ काढा आणि तिचं समीकरण लिहा. चढ, म्हणजे पुन्हा डेरिव्हेटिव्हच, चुकला की अख्खं गणित बुडालं.

"सत्तावीस लिहिलं."

"जया!" शुभाचा संयम सुटला. "तीन गुणिले नऊ केलंस आणि आतला दोन विसरलीस? परत? अगं, किती डोकं फोडलं मी तुझ्यासमोर!"

"विसरले ना. मी विसरतेच, ताई, काय करू?" जयाचे डोळे भरून आले. "मग आकडा घातला. एक पूर्णांक शून्य एक. चोपन्नच्या वर आलं. सगळं खोडून चोपन्नने परत केलं. सगळ्याच गणितांना आकडे घालत बसले, त्यात वेळ गेला. शेवटचा प्रश्न कोराच राहिला."

शुभा पेन घेऊन मार्कांची बेरीज करायला बसली. जया एकेक उत्तर सांगत गेली, शुभा ताडून बघत गेली. कोरा प्रश्न सोडूनही पासच्या बरीच पुढे बेरीज गेली. तिने ती पुन्हा केली, कारण तिचा स्वतःवरही विश्वास बसेना.

"बाबांना काय सांगू?" जयाने विचारलं.

"सांग, जोगेश्वरीला जायचं नाही," शुभा म्हणाली, आणि चिडकेपणानेच पदराने डोळे पुसून चहा टाकायला उठली.