तिसऱ्या गाण्यानंतरचं हसू

रेकॉर्डच्या दुकानाचा मालक पत्रं वाचायचा ती करमणूक म्हणून. लिहिणारे बहुतेक म्हातारे, प्रत्येकाचं कुठलं तरी गाणं हरवलेलं, आणि प्रत्येकाला वाटायचं की मालकाला दुसरा उद्योगच नाही. हे पत्रही त्याने स्टुलावर पाय टाकून ऐसपैस उघडलं.

‘दुकानदारसाहेब, सप्रेम नमस्कार. मी घड्याळं दुरुस्त करायचो. आता हात थरथरतो म्हणून बंद केलं. “परतीची गाणी” ही जुनी एलपी शोधतो आहे. तिच्या कोरसमध्ये माझी बायको होती. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं संपता संपता कुणा वादकाची खुर्ची करकरली आणि ही हसली. ते तसंच छापलं गेलं. पुढे कंपनीच्या लक्षात आलं, तेव्हा त्यांनी हसू येण्याआधीच आवाज बारीक करून रेकॉर्ड नव्याने काढली. मला ती नवी नको. आमची प्रत घर बदलताना फुटली, आणि ती स्वतः त्याआधीच गेली. तिचा आवाज दुसरा कुठेच नाही; कोरसमध्ये तो वेगळा ऐकू येत नाही. आपल्याकडे नसेल तर कळवावे, म्हणजे हेच सगळं इतर दुकानांना लिहीन.’

मालकाचे पाय स्टुलावरून खाली आले. हीच एलपी तो वर्षानुवर्षं कवडीमोलाने विकत होता, आणि तिची दोन प्रेसिंग, म्हणजे दोन वेगळ्या छपाया, आहेत हे त्याच्या गावीही नव्हतं. त्याने खालची खोकी उपसली. शेवटची खाच आणि लेबल यांच्यामध्ये जो गुळगुळीत पट्टा असतो, तिथे छापणारे नंबर कोरतात. तो नुसत्या नजरेला दिसत नाही, रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरावी लागते. एकेक प्रत तो तिरकी करून बघत गेला. नंबराच्या शेवटी दोन, पुन्हा दोन, पुन्हा दोन. एका प्रतीवर मात्र एक होता.

त्याने ती कडेने धरून फिरत्या तबकावर ठेवली आणि तिसऱ्या गाण्याच्या शेवटाशी सुई अलगद सोडली. व्हायोलिनं विरत गेली, खुर्ची करकरली, आणि एक बाई हसली. मोकळं, खोडकर, दाबता न आलेलं हसू. कुणीतरी तिला ‘शू’ केलं. मालकालाही नकळत हसू आलं. मग त्याने सुई उचलली आणि दुर्मीळ रेकॉर्ड जमवणाऱ्या एका दातांच्या डॉक्टरला फोन लावला.

“वाजवलेली आहे का?” डॉक्टरने पहिलं तेच विचारलं.

“छे हो. सुई लागलेली नाही तिला.”

“मग ठेवा माझ्यासाठी. मीही वाजवणार नाही. सुई लागली की भाव उतरतो.”

“फक्त बोलू नका कुठे. एकदा कळलं की प्रत्येक दुकानदार आपली खोकी उपसणार.”

डॉक्टरची रेकॉर्ड काचेच्या कपाटात गेली. राहिला घड्याळवाला. नाही म्हणावं तर तो गावभर पत्रं धाडत बसणार. म्हणून मालकाने शेवटी दोन असलेली एक प्रत निवडली, मुद्दाम कोपरे झिजलेल्या कव्हरची. साबणाच्या पाण्याने खाचांच्या दिशेने पुसली, नव्या कागदी पाकिटात सारली आणि चिठ्ठी लिहिली: ‘पहिलं प्रेसिंग. खात्रीचं.’ पुठ्ठे बांधायला त्याची बायको बसली होती.

“मिळाली वाटतं त्या आजोबांना?”

“मिळाली.”

“बरं केलंत. कुणाचं तरी भलं झालं.”

यथावकाश घड्याळवाल्याचं उत्तर आलं.

‘रेकॉर्ड पोचली. आपले उपकार आहेत. हसू सापडलं नाही. आधी वाटलं सुई गेली, म्हणून नवी बसवली. मग तबकाचा वेग तपासला, तो बरोबर निघाला. आपण खात्रीचं म्हणता, तेव्हा चूक माझीच. मुलगी तान्ही असताना तिची आई गेली. आई रेकॉर्डमध्ये हसते, असं मी तिला लहानपणापासून सांगत आलो. परवा तिला सांगितलं, तसं काही नव्हतं गं, मीच मनाने रचलं. आता वाटतं, बाकी जे आठवतं, बायकोचं बोलणं, चिडणं, तेही मीच रचलं असेल का? आपण जाणकार. असं प्रेसिंग खरंच होतं का, एवढंच कळवा.’

मालकाने पत्र दोनदा वाचलं. डॉक्टरचा चेक कधीच वटला होता, रेकॉर्ड कुणी परत मागत नव्हतं. लिहायचा होता एकच शब्द: होतं.

पण होतं म्हटलं की म्हातारा पुन्हा शोधायला लागणार. मालकाने कार्ड ओढलं आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं: ‘असं प्रेसिंग कधीच निघालं नाही. वय झालं की असं होतं. मनाला लावून घेऊ नका.’ खाली दुकानाचा शिक्का मारला, म्हणजे म्हाताऱ्याला शंका राहायला नको.