आठ सक अठ्ठेचाळीस

घरात तिला सगळे मुंगी म्हणत. तिसरीतली, हाडापेराने लहान, पण एकदा मनावर घेतलं की मागे हटणारी नव्हे. बाई रोज सकाळी पहिली पाच मिनिटं तोंडी हिशेब घेत. त्यात मुंगी सारखी अडखळायची, म्हणून तिने ठरवलंच, की रोज शाळेतून आल्यावर दहा मिनिटं पाढे आणि मगच खेळ. घड्याळ समोर ठेवून ती भिंतीकडे तोंड करून बसायची.

बाबा घरं रंगवायचे. कामावरून आले की नखांतला रंग ब्रशने घासताघासता ते तिला तीन प्रश्न विचारत. तीनच, जास्त नाहीत. चुकलं तरी रागवायचं नाही, असं आईशी त्यांचं बोलणं झालेलं होतं. मुंगीने उत्तर दिलं की ते "बरोबर" म्हणत आणि टॉवेल मागत.

एका मंगळवारी त्यांनी आठ सक विचारलं. मुंगीने क्षणभर वर पाहिलं आणि चोपन्न म्हणाली. बाबा "बरोबर" म्हणाले.

बुधवारी बाईंनी नेमकं तेच विचारलं. मुंगीचा हात सगळ्यांत आधी वर. तिने ठणठणीत आवाजात चोपन्न सांगितलं आणि मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. बाईंनी फळ्यावर अठ्ठेचाळीस लिहिलं. मुंगीचे कान तापले ते सुट्टीपर्यंत तापलेलेच राहिले.

संध्याकाळी बाबा मोरीत हात घासत होते. ती दारात उभी राहिली.

"बाबा, काल मी चोपन्न म्हणाले, तर तू बरोबर का म्हणालास?"

बाबांचा ब्रश थांबला. थट्टेवारी न्यायचा त्यांनी एकदा विचार केला असावा, पण मुंगीचा चेहरा पाहून तो सोडून दिला.

"मला पाचापर्यंतच येतात," ते म्हणाले. "पुढचे कधी बसलेच नाहीत. तू इतक्या ठामपणे सांगतेस, मला वाटलं बरोबरच असणार."

मुंगीला राग यायला हवा होता, आला नाही. इतका मोठा माणूस, शिडीवर चढून तीन मजली भिंती रंगवणारा, आणि सहाच्या पाढ्यापाशी अडलेला. ती म्हणाली, "मग उत्तर प्रश्नाच्या कागदामागे लिहिलेलं असलं तर?"

बाबांच्या पिशवीत जुनी रंगांची नमुनापत्रं पडलेली होती. पुढे रंग, मागे कोरा कागद. मुंगीने शाळेच्या कात्रीने त्यांचे तुकडे पाडायला घेतले. दोनापासून नवापर्यंत प्रत्येकाला प्रत्येकाने गुणायचं म्हणजे चौसष्ट तुकडे होणार होते. निम्मे कापून होईस्तोवर बोटाला फोड आली. बाबा शेजारी बसून बघत होते. त्यांनी समोरच्या इमारतीकडे बोट दाखवलं.

"सहा मजले, मजल्यावर आठ खिडक्या. उभ्या मोज की आडव्या मोज, खिडक्या तेवढ्याच ना? मग सहा आठे आणि आठ सक वेगळे कशाला लिहितेस?"

मुंगीने कात्री खाली ठेवली आणि जोड्या लावून मोजलं. सगळे मिळून छत्तीसच लागत होते. फोड आलेलं बोट तोंडात घालून ती हसली.

पुढे रोज तेच चालू झालं. पिवळ्या-निळ्या तुकड्यांवर प्रश्न, पाठीवर उत्तर. पटकन येणारे एका बाजूला, अडखळणारे दुसऱ्या बाजूला, आणि दहा मिनिटं फक्त अडखळणाऱ्यांना. आठ सक तिने आठ पंचेवर बसवलं. आठ पंचे चाळीस, त्यात आणखी एक आठ, झाले अठ्ठेचाळीस. बाबा आले की गठ्ठा पिसून तीन तुकडे काढत, उत्तर ऐकत आणि मग मागे पाहत. आता "बरोबर" म्हणण्याआधी ते हमखास पाहत.

चौथ्या आठवड्यात बाईंनी नऊ सत्ते विचारलं. मुंगीचा हात सगळ्यांत आधी नव्हता. तिने दहा सत्ते सत्तर मनात धरले, त्यातून सात काढले, आणि मगच हात वर केला.

"त्रेसष्ट."

बाईंनी मान डोलावली आणि पुढच्या मुलाकडे वळल्या. एवढंच.

त्या संध्याकाळी अडखळणाऱ्यांच्या गठ्ठ्यात चारच तुकडे उरले होते. बाबांनी हात पुसले, पण गठ्ठा उचलला नाही, तिच्याकडे सरकवला.

"आज तू विचार. मी सांगतो," ते म्हणाले, आणि मांडी ठोकून समोर बसले. "पण घाई करायची नाही हं."