दराने दिलं, दराने नेलं

खरेदीप्रमुखांना घरी बसवायचं मालकांनी मनाशी पक्कं केलं होतं, कारण वर्षभरात आयातीचा खर्च अंदाजपत्रकापेक्षा चार कोटींनी वाढला होता. निर्यात मात्र एक कोटी साठ लाखांनी वर गेली होती आणि बैठकीत विक्रीप्रमुखाची पाठ थोपटली जात होती. तो लेखापालबाईंचा धाकटा दीर. बाईंना ही नोकरीही त्यानेच लावून दिली होती.

तरी बाई उठल्या. "साहेब, अंदाजपत्रकात आपण डॉलर ऐंशीचा धरला, प्रत्यक्षात तो सरासरी पंच्याऐंशीला पडला. खरेदी ठरल्याप्रमाणे ऐंशी लाख डॉलरचीच झाली. ते चारही कोटी दराने खाल्ले."

"आणि निर्यात?" मालकांनी विचारलं.

दिराने हळूच नकारार्थी मान हलवली. बाईंनी नजर कागदावरून हलवली नाही. "एक कोटी डॉलरची ठरली होती, शहाण्णव लाखांचीच झाली. कमी विक्रीने तीन कोटी वीस लाख गेले. दराने चार कोटी ऐंशी लाख दिले, म्हणून ते झाकलं गेलं."

मग मालकांनी खरेदीप्रमुखांसाठी टाइप केलेलं पत्र फाडून टाकलं.

जिन्यात दिराने गाठलंच. "वहिनी, घरचं माणूस म्हणून तरी..."

"भाऊजी, घरचं घरी बोलू," त्या म्हणाल्या आणि कठडा घट्ट धरून खाली उतरल्या.