वेढ्याच्या खेळातली नायक

फळ्यावर 'नायक' हा शब्द लिहिताना सत्यशीलाबाईंना कसलाही धोका दिसला नव्हता. नाटकात नायक असतो, गोष्टीत नायक असतो, तसा धान्याचे बैल हाकणाऱ्या तांड्याचाही एक असतो, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. पण गावाबाहेरच्या तांड्यात नायक म्हणजे खेमसिंग. तो जिवंत होता, धडधाकट होता आणि चांगलाच तापट होता.

सोमवारी शाळा सुटता सुटता तो पायरीशी येऊन उभा राहिला. काठी भिंतीला टेकवली, पण पायातल्या वहाणा काही काढल्या नाहीत.

"बाई, तुमी आमच्या तांड्यात दुसरा नायक केला म्हनते."

"नाही हो नायक, तो खेळ आहे. इतिहासाच्या धड्याचा."

"खेळ शाळेत राह्यला असता तं मी कायले आलो असतो? हे तुमच्या सहावीतली भुरी घरी येऊनबी नायकच राह्यते. परवा दोन पोट्टे बकरीच्या पिल्लावरून भांडले. माह्याकडं नाही आले, तिच्याकडं गेले. तिनं कारभारी नेमला, निवाडा केला अन् माह्याच नातवाले गुळाचा दंड ठोकला. त्या पोट्ट्यानं घरातला गूळ चोरून दंड भरला."

सत्यशीलाबाईंना हसू आलं, आणि ते त्यांनी मोठ्या कष्टाने गिळलं. खेमसिंगच्या चेहऱ्यावर हसण्यासारखं काही नव्हतं.

"तांड्यात दंड लावाचा हक एकाचाच असते," तो म्हणाला. "उद्या तुमचे साहेब येऊन राह्यले ना? मीबी येतो. काय शिकवता ते पायतो. मंग ठरवतो, पोरं शाळेत ठेवाचे का कापूस वेचाले लावाचे."

तो गेला आणि बाई पायरीवरच बसून हिशेब करू लागल्या. शाळा सहावीपर्यंतची. पुढच्या वर्षी सातवी उघडायची की नाही, हे तपासणीचे साहेब वर्ग पाहून आणि डोकी मोजून लिहिणार होते. वर्गातली निम्मी डोकी तांड्याची. ती गेली की सातवी गेली. मुलं एक वेळ पुढे शिकायला घाटंजीची वाट धरतील, पण मुलींना कोण धाडणार? भुरीची आई तर आताच म्हणत होती की पोरगी वेचणीला चांगली हात चालवते.

हेडमास्तर गुरुजींनी हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "तरी मी म्हणत होतो. फळा, खडू, प्रश्न, उत्तर. सत्यशीलाबाई, हे नसतं लचांड कोणी सांगितलं होतं?"

सांगितलं कोणीच नव्हतं. पुस्तकात एका किल्ल्याच्या वेढ्याचा धडा होता आणि त्याच्या शेवटी एक वाक्य होतं : रसद तुटल्यामुळे किल्ला पडला. ते वाक्य साऱ्या वर्गाला पाठ होतं. रसद म्हणजे काय, असं बाईंनी विचारलं तेव्हा कोणी दोर म्हणालं, कोणी पूल म्हणालं. दोन्ही तुटतात, म्हणून उत्तर तसं वाईट नव्हतं. शेवटी भुरी उठली. "बाई, माही आजी सांगते, आमचे बुढे लोक बैलावर धान्य लादून फौजेले नेत होते. तेच का?" तेच होतं. त्या पोरीच्या घरातला इतिहास पुस्तकाने एका शब्दात गुंडाळून टाकला होता.

मग बाईंनी धडा मोडून खेळ केला. अंगणात चुन्याने किल्ला आखला, त्याच्यासमोर छावणी, लांब एका कोपऱ्यात तांडा आणि मधे चौकोनी घरं आखलेल्या दोन वाटा. वर्गाच्या तीन टोळ्या केल्या आणि प्रत्येकीला आपापलं काम दिलं. आठ पाळ्यांनंतर पाऊस येणार आणि वेढा उठणार, तोवर किल्ल्याने तग धरायचा. छावणीने त्याआधी त्याला शरण आणायचं. तांड्याने धान्य विकून बैल सुखरूप घरी न्यायचे. दर पाळीला किल्ला एक वाटी ज्वारी खाणार, छावणी दोन. किल्ल्यात वाट्या पाचच. तांडा कवड्या टाकणार, जितक्या उताण्या पडतील तितकी घरं पुढे. सगळ्या पालथ्या पडल्या तर वाटेत पहारा, पाळी वाया. कोणी काय बोलायचं ते लिहून दिलं नव्हतं. ज्याच्या वाट्याला जे काम, त्याच्या जागी उभं राहून त्याने स्वतः ठरवायचं.

चिठ्ठ्या टाकल्या. किल्लेदार झाला उकंडा, छावणीचा सरदार रामधन आणि तांड्याची नायक भुरी. ओळख पटावी म्हणून बाईंनी उकंडाला लाकडाची किल्ली दिली, रामधनला कमरेचा पट्टा दिला आणि भुरीच्या डोक्याला स्वतःचा लाल पंचा बांधला. आठवडाभर रोज थोडा सराव झाला. सराव झाला की घंटा व्हायची आणि पोरं तशीच घरी पळायची. त्यात काही चुकतंय, असं बाईंना वाटलंच नाही.

मंगळवारी साहेब सायकलवरून आले. धोतराला मातीचे शिंतोडे होते आणि मुद्रा एकंदरीत आंबट होती. खेमसिंग आधीच दाराशी उकिडवा बसला होता, आणि त्याला पाहून तांड्याची पोरं आवाज चोरून बोलत होती. बाईंनी कोरा फळा पुन्हा एकदा पुसला.

"करा सुरू," साहेब म्हणाले.

पहिल्या तीन पाळ्या नीट गेल्या. किल्ल्यातली ज्वारी कमी होत गेली, आणि उकंडाने वाटीतली ज्वारी आपल्या माणसांना दाणा दाणा मोजून वाटली तेव्हा साहेबांची भुवई जराशी वर गेली. चौथ्या पाळीला तांडा वाटा फुटतात तिथे पोचला. रामधन पुढे आला.

"सारा माल आमाले दे. तिकडं गेली तं बैल लुटीन."

"आमाले दे," उकंडा आतून म्हणाला. "दुप्पट भाव देतो."

सरावात भुरी दर वेळी छावणीकडे वळली होती. धाक मोठा होता, आणि किल्ला पुस्तकाप्रमाणे वेळेवर पडायचा. बाईंनी मनातल्या मनात म्हटलं, बाई गं, आजही तिकडंच वळ.

भुरी वळली नाही. ती तिथेच मांडी घालून बसली. तांड्याच्या पोरांना तिने भोवती बसवलं आणि कुजबुज सुरू केली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. गुरुजींनी बाईंकडे असं पाहिलं की त्यापेक्षा छडी परवडली असती. आणि खेमसिंग पुढे सरकला होता, काठीवर हनुवटी टेकून.

भुरी उठली. "माल अर्धा इकडं, अर्धा तिकडं. भाव दोघायले एकच. बैलाले हात लावला तं पुढच्या साली तुह्या छावणीले दानाबी भेटनार नाही."

रामधन चरफडला. पण त्याच्याही वाट्या संपत आल्या होत्या. बैल लुटावेत तर पुढचा माल कोण आणणार? त्याने वाट सोडली. तीन वाट्या किल्ल्यात गेल्या, तीन छावणीत. पाच आणि तीन आठ, आणि आठवी पाळी सरताच पाऊस आला. किल्ला पडला नाही.

"हे काय?" साहेब म्हणाले. "पुस्तकात किल्ला पडतो. तुमच्या वर्गात इतिहास बदलला का?"

बाईंचे कान तापले. एक क्षण वाटलं, माफी मागावी आणि धडा वाचून दाखवावा. पण तोंडातून दुसरंच निघालं. "पुस्तकात पडतो, साहेब. तेच आता विचारते." त्या पोरांकडे वळल्या. "पुस्तकातला किल्ला पडला, आपला राहिला. काहून?"

"त्याइले धान्य भेटलं नसन," उकंडा म्हणाला.

"का मिळालं नसेल?"

"छावणीनं वाटच अडवली असन," रामधन म्हणाला. "मीबी अडवाले पाह्यजे होती."

"नाहीतं तांड्याले धमकी देल्ली असन अन् तांडा भेला असन," मागून कोणी म्हणालं.

"मग रसद तुटली म्हणजे काय झालं?"

या वेळी कोणीही दोर म्हणालं नाही, पूल म्हणालं नाही. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मुद्रा थोडी कमी आंबट वाटली, पण बाईंना तेवढ्याने धीर येईना. खरा न्यायाधीश दाराशी बसला होता.

आणि नेमकं तेव्हाच भुरी डोक्यावरच्या पंच्यासकट वळली, खेमसिंगच्या नातवाला म्हणाली, "वाट्या उचल. मी सांगून राह्यली ना."

नातू उठला. आजोबासमोर, मुकाट्याने उठला. खेमसिंगने काठी आपटली आणि तो उभा राहिला.

बाईंनी वर्गाकडे पाहिलं आणि आठवड्याची चूक त्यांना एकदम दिसली. उकंडा अजून किल्ली छातीशी धरून होता. रामधन त्याच्याशी खरोखरच बोलत नव्हता. खेळ संपला होता, पण पोरांना त्यातून बाहेर कोणी काढलंच नव्हतं. आपण यांच्या अंगावर नावं चढवली आणि उतरवायची विसरलो. आणि हे विसरावं कोणी? धम्मदीक्षेच्या वर्षी बापाने त्यांचं नाव सत्यशीला ठेवलं होतं, तरी गावात अजून जुन्या नावाने, जुन्या हेलात हाक मारणारे होतेच. दुसऱ्याने चढवलेलं काय आणि किती चिकटतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? त्यांना स्वतःची लाज वाटली.

"थांबा नायक," त्या खेमसिंगला म्हणाल्या. "खेळ अजून पुरा झाला नाही. शेवटचं काम राहिलं आहे."

त्यांनी टेबल पुढे ओढलं. "एकेकानं यायचं. हातातलं, अंगावरचं इथं ठेवायचं. आपलं खरं नाव सांगायचं. आणि त्या जागी उभं राहून काय कळलं, ते सांगायचं."

उकंडाने किल्ली ठेवली. "मी उकंडा. आतल्या मानसाले काहीच दिसत नाही, कोन येऊन राह्यलं ते." रामधनने पट्टा ठेवला. "मी रामधन. फौज मोठी असली तं भूकबी मोठी लागते." परत जाताना त्याने उकंडाच्या पाठीत एक गुद्दा घातला आणि दोघं हसले. एकेक करत सगळे आले.

भुरी शेवटी उरली. ती टेबलापर्यंत आली, पण हात डोक्याकडे जाईना.

"काढ बेटा," बाई म्हणाल्या.

"बाई, राहू द्या ना." तिचा आवाज बारीक झाला होता. "हे काढलं की मले कोनी काही इचारत नाही."

बाईंना ठाऊक होतं, पोरगी खरं बोलत होती. पंचा उतरला की ती कापूस वेचणारी एक पोरगी होती, आणि सातवी झाली नाही तर तेवढीच राहणार होती. तरी त्यांनी हात पुढे केला नाही. उतरवायचा होता तो तिनेच.

भुरीने गाठ सोडली. पंचा घडी करून टेबलावर ठेवला. "मी भुरी," ती म्हणाली, आणि मान खाली घालून जागेकडे वळली.

खेमसिंग दारातून आत आला. या वेळी वहाणा बाहेर काढून आला. पंच्याकडे त्याने पाहिलंही नाही.

"भुरी," तो म्हणाला, "दोघायले माल काहून देल्ला?"

तिने मान वर केली. तो थट्टा करतोय का, हे आधी पाहिलं. तो थट्टा करत नव्हता.

"एकाले सारा देल्ला तं दुसरा कायमचा वैरी होते," ती म्हणाली. "अन् पुढच्या साली आपल्याले त्याच वाटेनं जा लागते."

खेमसिंग साहेबांकडे वळला.

"साहेब, तुमची सातवी झाली तं हे छोरी बसन का तिच्यात?"

"नाव असलं पटावर, तर बसेल," साहेब म्हणाले.

"मंग असू द्या नाव. हिच्या बापाले मी सांगतो." दाराशी जाऊन त्याने वहाणा घातल्या, काठी उचलली आणि तिथूनच मागे न पाहता म्हणाला, "अन् भुरी, तो गुळाचा दंड. निवाडा बरोबर होता. पण गूळ मले आनून दे."